‘आन’ की ‘मोत्’: कोरियन नकार चुकू नये म्हणून

मराठीत ‘पावसामुळे आलो नाही’ म्हटलं की ऐकणारा समजून घेतो. यायचं होतं, जमलं नाही, एवढं सगळं त्या एका ‘नाही’त बसतं. हेच वाक्य कोरियनमध्ये ‘आन वास्सॉयो’ असं सांगितलं, तर समोरच्याला ऐकू जातं की पाऊस बघून तुम्हीच न येण्याचं ठरवलंत. जमलं नाही हे सांगायला तिथे वेगळा शब्द आहे, ‘मोत्’. वर्गात हे दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवले जातात आणि बोलताना बहुतेक जण पहिलाच वापरत राहतात, कारण मराठीच्या ‘नाही’ला तोच जवळचा वाटतो.

आधी या लेखातल्या लेखनाबद्दल. कोरियन शब्द इथे देवनागरीत, जसे कानावर पडतात तसे लिहिले आहेत. म्हणून एकाच क्रियापदाचं पहिलं अक्षर कधी ‘क’, कधी ‘ग’ दिसेल. ‘ऑ’ हा स्वर ‘ऑफिस’मधल्यासारखा, ओठ गोल न करता म्हणायचा. शब्दाच्या शेवटी पायमोडकं व्यंजन असेल तर तिथे हवा आत अडवायची, बाहेर सोडायची नाही.

## तयारी: तीन गोष्टी आधी ठरवा

नकार जोडायच्या आधी तुमच्याकडचा शब्द कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत हवं. एक, तो क्रियापद आहे की विशेषण. दोन, तो ‘नाम + हादा’ असा, म्हणजे नामाला ‘करणे’ जोडून बनलेला आहे का. तीन, त्याला स्वतःचा वेगळा नकारार्थी शब्द आहे का.

पहिल्या प्रश्नाला मराठीचा आधार घेऊ नका. कोरियनमध्ये विशेषणही क्रियापदासारखंच चालतं, आणि मराठीत जे क्रियापद असतं ते तिकडे विशेषण असू शकतं. ‘दुखणं’ आपल्याकडे क्रियापद आहे, कोरियन ‘आफुदा’ विशेषण आहे. ओळखायची खूण सोपी आहे. शब्दाचं वर्तमानकाळातलं साधं, लेखी रूप बघा. त्यात ‘न्दा’ किंवा ‘नुन्दा’ येत असेल तर क्रियापद: ‘कादा’ (जाणे) याचं ‘कान्दा’ होतं (हो, उच्चार आपल्या कांद्यासारखाच), ‘मॉक्ता’ (खाणे) याचं ‘मॉंग्नुन्दा’. ‘आफुदा’ मात्र ‘आफुदा’च राहतो, ‘येप्पुदा’ (सुंदर) ‘येप्पुदा’च राहतो. ही विशेषणं.

शब्द वहीत उतरवतानाच शेजारी ‘क्रि’ किंवा ‘वि’ लिहून ठेवा. पुढचे अर्धे घोटाळे इथेच टळतात.

## टप्पा 1: मराठीतला ‘नाही’ फोडा

कोरियन शब्द शोधण्याआधी स्वतःचं मराठी वाक्य नीट बघा. त्यातला ‘नाही’ तीनपैकी एक काम करत असतो.

पहिलं काम, ठरवून नकार. करता आलं असतं, पण केलं नाही किंवा करायचं नाही. ‘मी मांस खात नाही’, ‘आज व्यायाम केला नाही, कंटाळा आला.’ इथे ‘आन’.

दुसरं काम, नुसती वस्तुस्थिती. पाऊस पडत नाही, बस अजून आली नाही, खोली मोठी नाही. पावसाला किंवा खोलीला इच्छा नसते, त्यामुळे निवडीचा प्रश्नच येत नाही. इथेही ‘आन’च: ‘पिगा आन वायो’, पाऊस पडत नाही. म्हणजे ‘आन’चा अर्थ नेहमीच ‘मुद्दाम’ असा नसतो. ‘आन’ साधा नकार आहे, पण कर्ता माणूस असेल आणि काम त्याच्या हातातलं असेल, तर त्यात त्याची मर्जी आपोआप ऐकू येते.

तिसरं काम, जमलं नाही. इच्छा किंवा तयारी होती, पण वेळ, तब्येत, कौशल्य, परवानगी, पाऊस यांपैकी काहीतरी आडवं आलं. इथे ‘मोत्’.

मराठीत तिसऱ्या कामासाठी आपल्याकडे स्वतंत्र रचना आहेत: ‘जाता आलं नाही’, ‘जाऊ शकलो नाही’, ‘जमलं नाही’. अडचण अशी की रोजच्या बोलण्यात आपण त्या वापरतोच असं नाही. कारण सांगून झालं की ‘गेलो नाही’ पुरतं. कोरियनमध्ये कारण सांगितलं तरी क्रियापदापुढे ‘मोत्’ लागतोच, कारण वाक्यात आधी आलेलं कारण त्या ‘आन’मधली मर्जी पुसत नाही.

म्हणून ही कसोटी लावा. तुमच्या वाक्यातलं ‘केलं नाही’ काढून त्या जागी ‘करता आलं नाही’ घाला. अर्थ तोच राहिला, किंबहुना तुम्हाला जे म्हणायचं होतं ते अधिक नेमकं झालं, तर ‘मोत्’. वाक्य खोटं किंवा विचित्र झालं तर ‘आन’.

गृहपाठावर लावून बघा. ‘काल लाइट नव्हती, गृहपाठ केला नाही’ हे ‘करता आला नाही’ असं सहज होतं, म्हणून ‘सुक्चे मोथेस्सॉयो’. ‘काल मॅच बघत बसलो, गृहपाठ केला नाही’ हे ‘करता आला नाही’ असं केलं तर ती सबब होते. खरं उत्तर ‘सुक्चे आन हेस्सॉयो’. शिक्षकांसमोर तुम्ही कोणतं निवडाल हा वेगळा विषय, पण त्यांना फरक बरोबर कळतो.

तपासणी: झोपेबद्दलची दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. ‘चामुल आन जास्सॉयो’ म्हणजे झोपलो नाही, जागाच राहिलो. ‘चामुल मोत् चास्सॉयो’ म्हणजे झोप लागली नाही किंवा झोपायला मिळालं नाही. ‘काल झोप झाली नाही’ या आपल्या तक्रारीला दुसरं वाक्य हवं.

## टप्पा 2: जिथे दोन्ही चालत नाहीत ते शब्द बाजूला काढा

काही शब्दांना ‘आन’ किंवा ‘मोत्’ जोडून नकार होत नाही. हे पुढच्या टप्प्याआधी गाळून घ्या, नाहीतर बरोबर निवड करूनही वाक्य चुकतं.

‘इदा’, म्हणजे नामानंतर येणारा ‘आहे’, याचा नकार ‘आनिदा’. ‘मी विद्यार्थी नाही’ हे ‘हाक्सेंगी आनिएयो’. नामाला इथे ‘ई’ किंवा ‘गा’ हा प्रत्यय लागतो, तो बोलताना अनेकदा गळतो.

‘इत्ता’, असणे, याचा नकार ‘ऑप्ता’: ‘शिगानी ऑप्सॉयो’, वेळ नाही. इथे एक अपवाद ऑफिसात रोज लागतो. आदरणीय व्यक्ती जागेवर आहे हे सांगताना ‘इत्ता’ऐवजी ‘केशिदा’ येतो आणि त्याचा नकार मात्र ‘आन’ने होतो. रांजणगावच्या एखाद्या कोरियन कारखान्यात फोन आला आणि विभागप्रमुख जागेवर नसतील, तर ‘पुजांगनिमुन चिगुम आन गेसेयो’ म्हणायचं. तिथे ‘ऑप्सॉयो’ म्हटलं तर अर्थ कळेल, आदर राहणार नाही.

‘आल्दा’, माहीत असणे, याचा नकार ‘मोरुदा’: ‘मोल्लायो’, मला माहीत नाही. ‘आन आरायो’ किंवा ‘मोत् आरायो’ असं काही नाही. पण ‘आल्दा’ पोटात असलेल्या जोडक्रियापदांना ‘मोत्’ चालतो. समोरचा भराभर बोलला आणि डोक्यात शिरलं नाही, तर ‘मोदारादुरॉस्सॉयो’, ऐकून कळलं नाही. ‘मोल्लायो’ आणि हे वाक्य एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिल्यात माहितीच नाही, दुसऱ्यात ऐकलं पण उमगलं नाही.

आज्ञा आणि विनंती. ‘जाऊ नका’ला ना ‘आन’, ना ‘मोत्’. तिथे ‘-जी मासेयो’: ‘काजी मासेयो’.

सावधान: ‘आन गासेयो’ ही ‘जाऊ नका’ अशी विनंती होत नाही. प्रश्नाच्या सुरात ते ‘आपण जात नाही का?’ असं होतं, सरळ सुरात ‘ते जात नाहीत’ असं. माणूस उभा राहून उत्तर देईल आणि तुम्हाला वाटेल त्याने ऐकलं नाही.

## टप्पा 3: आता निवडा

उरलेल्या शब्दांसाठी टप्पा 1 मधली कसोटी निर्णय देते, पण शब्द स्वतः काही वेळा एक बाजू नाकारतो.

विशेषणापुढे ‘मोत्’ येत नाही. सुंदर असणं, थकलेलं असणं, गरम असणं हे काम नव्हे, स्थिती आहे, तिथे जमण्या-न जमण्याचा प्रश्न नसतो. ‘मोत् येप्पॉयो’ चूक, ‘आन येप्पॉयो’ बरोबर. लांब रूपात (टप्पा 5) मात्र काही विशेषणांना ‘-जी मोत्-हादा’ लागतं आणि अर्थ होतो ‘हवं तेवढं नाही’. ‘कॉनगांगहाजी मोथेयो’ म्हणजे तब्येत असायला हवी तशी नाही. नवशिक्यांनी हे ऐकून ओळखावं, स्वतः बनवायच्या फंदात पडू नये.

जे कुणीही हौसेने करत नाही त्यालाही ‘मोत्’ जोडता येत नाही. ‘शिल्फेहादा’ (अपयशी होणे), ‘हुह्वेहादा’ (पस्तावणे), ‘कॉक्चॉंगहादा’ (काळजी करणे). ‘मला अपयशी होता आलं नाही’ हे मराठीतही हास्यास्पदच वाटतं, कारण तेच आहे. उलट ‘क्यॉन्दिदा’ (सोसणे, तग धरणे) आणि ‘केदात्ता’ (उमगणे) यांना ‘आन’ बसत नाही. सोसवत नाही ते सोसवतच नाही: ‘मोत् क्यॉन्द्यॉयो’.

मग येतात दिसण्या-ऐकण्याची क्रियापदं, आणि इथे मराठी माणूस हमखास अडकतो. ‘मला ऐकू येत नाही’ यात असमर्थता आहे असं वाटून ‘मोत् दुल्लियॉयो’ म्हटलं जातं. पण ‘दुल्लिदा’ म्हणजे ऐकू येणे, त्याचा कर्ता आवाज आहे, तुम्ही नव्हे. आवाजाला इच्छा नाही, म्हणून ‘आन दुल्लियॉयो’. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटला की हेच म्हणायचं. तसंच ‘आन बोयॉयो’, दिसत नाही. कर्ता तुम्ही असाल, क्रियापद ‘तुत्ता’ (ऐकणे) किंवा ‘पोदा’ (पाहणे) असेल, तेव्हा ‘मोत्’ परत येतो: ‘मोत् तुरॉस्सॉयो’, माझ्या कानावर आलं नाही, ‘मोत् प्वास्सॉयो’, माझ्या पाहण्यात आलं नाही. याच जागी ‘आन दुरॉस्सॉयो’ म्हटलं तर अर्थ होतो ‘ऐकलंच नाही’, लक्ष दिलं नाही असा.

इच्छा, वचन आणि बेत यांच्याशी ‘मोत्’चं जमत नाही. ‘जावंसं वाटत नाही’ हे ‘आन गागो शिफॉयो’ किंवा ‘कागो शिप्ची आनायो’. ‘यापुढे करणार नाही’ असं कबूल करताना ‘आन हाल्केयो’. असमर्थ राहण्याचं वचन कुणी देत नाही, त्यामुळे ‘मोथाल्केयो’ हे वाक्यच होत नाही.

आणि शिष्टाचार. आमंत्रण नाकारताना ‘आन गायो’ म्हणजे ‘मी येणार नाही’, दार लावल्यासारखं. ‘मोत् क्कायो’ म्हणजे यायचं होतं, पण येता येत नाही. खरोखर इच्छा नसली तरी कोरियन लोकही इथे ‘मोत्’ वापरतात. खाण्याच्या बाबतीत थोडा विचार करा. शाकाहारी माणसाने ‘कोगिरुल आन मॉगॉयो’ म्हटलं तर तो त्याचा नियम आहे हे नीट पोचतं. ‘मोन् मॉगॉयो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ॲलर्जी, पोटाचा त्रास किंवा चव न सोसणं असं काहीतरी वाटू शकतं. दोन्ही चालतं, पण नियम सांगायचा असेल तर पहिलं स्वच्छ. एखादा विशिष्ट पदार्थ कुणी प्रेमाने पुढे केला असेल, तर मात्र ‘आन मॉगॉयो’ तुटक लागतं. तिथे ‘मोन् मॉगॉयो’ बरं.

तपासणी: तुमच्या वाक्यानंतर समोरून ‘वे आन वास्सॉयो?’ (का नाही आलात?) असा खुलासा मागणारा प्रश्न आला, आणि तुम्ही कारण आधीच सांगितलेलं असेल, तर बहुधा ‘मोत्’च्या जागी ‘आन’ गेला आहे.

## टप्पा 4: जागा

मराठीत ‘नाही’ क्रियापदामागे येतो, कोरियनमध्ये ‘आन’ आणि ‘मोत्’ क्रियापदापुढे, अगदी लगत. मधे काहीही घालायचं नाही. कर्म आधी, क्रियाविशेषण त्यानंतर, मग नकार, मग क्रियापद. ‘भात नीट खात नाही’: ‘पाबुल चाल आन मॉगॉयो’. ‘लवकर जाता येत नाही’: ‘पल्ली मोत् क्कायो’. ‘मोत् पल्ली कायो’ चूक.

आता ‘नाम + हादा’. अभ्यास (कोंगबु), फोन (चॉन्ह्वा), व्यायाम (उन्दोंग) अशा नामांना ‘हादा’ जोडून क्रियापद झालं असेल, तर नकार नाम आणि ‘हादा’ यांच्या मधे शिरतो: ‘कोंगबु आन हेयो’, ‘चॉन्ह्वा मोथेस्सॉयो’. ‘आन गोंगबुहेयो’ म्हणणारे वर्गात सर्वाधिक भेटतात.

पण शेवटी ‘हादा’ दिसला की मधे घुसायचं, असा सरसकट नियम नाही, आणि दुसरी चूक इथून सुरू होते. ‘फिगोनहादा’ (थकलेला असणे) विशेषण आहे, ते तुटत नाही: ‘आन फिगोनहेयो’. ‘चोआहादा’ (आवडणे) क्रियापद असलं तरी त्यातला ‘चोआ’ हे नाम नाही, म्हणून ‘आन जोआहेयो’. तोडण्याआधी ‘हादा’ काढून उरलेल्या भागाला कर्माचा ‘उल’ किंवा ‘रुल’ लावून बघा. ‘कोंगबुरुल हादा’ चालतं, म्हणून तुटतं. ‘चोआरुल हादा’ चालत नाही, म्हणून तुटत नाही.

## टप्पा 5: लांब रूप कधी

दोन्ही नकारांचं एक लांब रूपही आहे. क्रियापदाच्या धातूला ‘-जी’ लावून मागे ‘आन्था’ किंवा ‘मोथादा’. ‘काजी आनायो’, ‘काजी मोथेयो’. अर्थ तोच, सूर जरा औपचारिक. लेखी मजकुरात, अर्ज-ईमेलमध्ये आणि लांब विशेषणांपाशी हे बरं पडतं. ‘आरुमदाप्ता’ (रमणीय) यासारख्या शब्दाआधी नुसता ‘आन’ ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो, ‘आरुमदाप्ची आनायो’ सहज येतं.

शिवाय लांब रूपात शब्द तोडावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. ‘कोंगबुहाजी आनायो’, ‘चोआहाजी आनायो’, ‘फिगोनहाजी आनायो’, सगळे एकाच साच्यात. गोंधळ उडाला तर हे रूप वापरा, तोडण्याची चूक होणार नाही. फक्त गप्पा मारताना दर वाक्यात वापरलंत तर बातम्या वाचल्यासारखं वाटेल.

काळ मागच्या शब्दावर चढतो. ‘गेलो नाही’ म्हणजे ‘काजी आनास्सॉयो’. ‘कात्ची आनायो?’ असं पुढच्या भागावर भूतकाळ लावला तर नकार उरत नाही, ‘गेला होता ना?’ अशी खात्री करून घेणारा प्रश्न होतो.

नामाआधी विशेषणासारखं वापरताना तयारीत केलेली ‘क्रि/वि’ खूण कामाला येते. क्रियापद असेल तर ‘आन्नुन’: ‘काजी आन्नुन साराम’, न जाणारा माणूस. विशेषण असेल तर ‘आनुन’: ‘आफुजी आनुन जुसा’, न दुखणारं इंजेक्शन. ‘दुखणं’ आपल्याकडे क्रियापद आहे म्हणून इथे ‘आफुजी आन्नुन’ म्हटलं जातं, आणि चुकतं.

## टप्पा 6: ‘मोत्’ ओळखू येईल असा म्हणा

निवड बरोबर असूनही उच्चारात ‘मोत्’ हरवतो, कारण तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो.

पुढे क, त, प, स, च असेल तर ‘मोत्’ची हवा अडते आणि पुढचं व्यंजन कडक होतं: ‘मोत् क्कायो’. तुलनेला ‘आन गायो’ मऊ राहतं. भराभर बोलण्यात ‘आन’चा न आणि ‘मोत्’चा त् दोन्ही पुसट होतात, पण पुढचा ‘क्का’ की ‘गा’ हे कानाला कळतं. ऐकताना तिकडेच लक्ष ठेवा.

पुढे म किंवा न असेल तर त्चा न् होतो: ‘मोन् मॉगॉयो’. पुढे ह असेल तर दोन्ही मिळून थ: ‘मोथेयो’. पुढे स्वर असेल तर त् मऊ होऊन त्याला चिकटतो: ‘मोद्वायो’, येता येत नाही. अपवाद ‘इ’ किंवा ‘य’ने सुरू होणाऱ्या शब्दांचा. तिथे मधे न उपटतो: ‘मोन्निल्गॉयो’ (वाचता येत नाही), ‘मोन्निबॉयो’ (घालता येत नाही). हे ‘मोदिबॉयो’ म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थांबतो.

‘आन’ला एवढी भानगड नाही. ‘आन हेयो’ मात्र बोलताना ‘आनेयो’ असं ऐकू येतं, तेवढं कानाला सवयीचं करून घ्या.

सावधान: ‘चाल’ (चांगलं) आणि ‘मोथेयो’ शेजारी आले की जपा. ‘हान्गुगॉरुल चाल मोथेयो’ म्हणजे मला कोरियन नीट येत नाही. ‘चाल्मोत्’ हा मात्र एक अखंड शब्द आहे, अर्थ चूक, अपराध. ‘चाल्मोथेस्सॉयो’ म्हणजे ‘चुकलं माझं’, माफी मागतानाचं वाक्य. उच्चार जवळपास एकच, फरक कळतो तो संदर्भावरून. भूतकाळात हे वाक्य बोलताना आधी कर्म ठेवा, म्हणजे माफी समजली जाणार नाही.

## टप्पा 7: टाइप करताना

कानाला ‘आन’ आणि ‘आन्था’चा पहिला भाग सारखे वाटतात, म्हणून मेसेजमध्ये 안 आणि 않 यांची अदलाबदल होते. पहिल्याच्या तळाला (बातचिममध्ये) एक अक्षर आहे, दुसऱ्याच्या तळाला दोन. कीबोर्डवर दुसऱ्यासाठी चार कळा दाबाव्या लागतात: ㅇ, ㅏ, ㄴ, ㅎ.

कोणतं लिहायचं? तो भाग झाकून वाक्य वाचा. 안 가요 मधला पहिला शब्द झाकला तर ‘कायो’ उरतं, वाक्य उभं राहतं, म्हणून 안. 가지 않아요 मधून तो भाग काढला तर वाक्याचा शेवटच कोसळतो, म्हणून 않.

जागा सोडण्याचा नियम ‘मोत्’पाशी अर्थ बदलतो. 노래를 못해요, जोडून, म्हणजे गाता येत नाही, गळाच नाही. 노래를 못 해요, सोडून, म्हणजे आत्ता काही कारणाने गाता येणार नाही. लांब रूपातला ‘-जी मोथादा’ मात्र कायम जोडून लिहायचा. बोलताना तिन्ही सारखेच, त्यामुळे घसा बसलाय की गळा नाही हे सांगायला ‘ओनुरुन’ (आज) सारखा शब्द जोडावा लागतो.

## एक पूर्ण मेसेज तयार करू

ऑफिसातल्या कोरियन वरिष्ठांनी शनिवारी घरी जेवायला बोलावलं आहे. मनातलं मराठी असं: ‘काल तुमचा फोन उचलला नाही, मेसेजही पाहिला नाही. शनिवारी मी येत नाही. मी दारू घेत नाही आणि मांस खात नाही. माझं कोरियन अजून चांगलं नाही. काळजी करू नका.’ सहा ‘नाही’ आणि एक ‘नका’. सरळ शब्दाला शब्द लावला तर पहिल्या सहाही ठिकाणी ‘आन’ येईल आणि मेसेज भांडल्यासारखा वाचला जाईल.

फोन. ‘उचलता आला नाही’ हेच म्हणायचं आहे, म्हणून ‘चॉन्ह्वारुल मोत् पादास्सॉयो’. ‘आन बादास्सॉयो’ लिहिलंत तर नाव बघून फोन टाळल्याची कबुली होते.

मेसेज. ‘मेशिजीदो मोत् प्वास्सॉयो’. कर्ता तुम्ही, क्रियापद ‘पोदा’, म्हणून ‘मोत्’. इथे ‘आन बोयॉस्सॉयो’ नको, ते ‘मेसेज दिसत नव्हता’ असं होईल.

शनिवार. आपण ‘तुमच्याकडे येतो’ म्हणतो, कोरियन माणूस ‘तुमच्याकडे जातो’ म्हणतो. स्वतः निघून दुसरीकडे जायचं असेल तर क्रियापद ‘कादा’च. म्हणून ‘मोद्वायो’ नव्हे, ‘थोयोइरेनुन मोत् क्कायो’. वरिष्ठांना लिहिताना आणखी मऊ करा: ‘थोयोइरेनुन मोत् काल कॉत् काथायो’, शनिवारी येणं जमेलसं वाटत नाही.

दारू. ‘सुरुल आन माश्यॉयो’ म्हणजे घेत नाही, माझा निर्णय. ‘सुरुल मोन् माश्यॉयो’ म्हणजे मला सोसत नाही. दोन्ही बरोबर आहेत, पण पुढच्या वेळी ग्लास पुढे केला जाऊ नये असं वाटत असेल आणि कारणं सांगत बसायची नसतील, तर दुसरं लिहा. पहिल्यावर ‘का बरं?’ असं विचारायला जागा राहते.

मांस. इथे नियम सांगायचा आहे, म्हणून ‘कोगिनुन आन मॉगॉयो’.

भाषा. कौशल्य नाही, म्हणून ‘हान्गुगॉरुल आजिक् चाल मोथेयो’. टाइप करताना ‘चाल’नंतर जागा, ‘मोथेयो’ जोडून: 잘 못해요. तीनही भाग चिकटवले तर तो अपराधाचा ‘चाल्मोत्’ होतो.

काळजी. विनंती आहे, टप्पा 2 प्रमाणे ‘कॉक्चॉंगहाजी मासेयो’.

यावर त्यांचं उत्तर नकारार्थी प्रश्नात येऊ शकतं: ‘थोयोइरे मोत् वायो?’ असं लिहिलेलं, वाचताना ‘मोद्वायो’, म्हणजे शनिवारी येता येणार नाही का? इथे ‘ने’ म्हणजे ‘हो, तुम्ही म्हणता ते बरोबर, येता येणार नाही’. ‘आनियो’ म्हणजे ‘नाही, तसं नाही, येतो’. मराठीत आपण अशा प्रश्नाला ‘नाही, नाही जमणार’ म्हणून मोकळे होतो. तीच सवय घेऊन ‘आनियो’ लिहिलंत आणि पुढे काहीच जोडलं नाही, तर शनिवारी तुमचं ताट वाढलेलं असेल. म्हणून नुसत्या ‘ने’वर थांबू नका, मागे क्रियापद लिहा: ‘ने, मोत् क्कायो’.